आलूची साल: फॉरवर्डमधलं खरं किती

«आलू सोलून खाणारे मूर्ख! सगळी ताकद सालीत असते, आत नुसता स्टार्च. हिरवी साल दिसली तर फेकू नका, ते क्लोरोफिल आहे, पालकात असतं तेच. भीती वाटली तर उकडून घ्या, उकडलं की विष राहत नाही. सालीचे कुरकुरे करून मुलांना द्या. आपल्या आज्या सालीसकटच खायच्या.»

लातुरात मी विद्यार्थ्यांची मेस चालवते. आठवड्याला आलूचे दोन-तीन कट्टे संपतात, म्हणून हा मेसेज मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतंच. परवा तर मेसमधल्याच एका मुलीनं पाठवला, वर लिहिलं होतं, «काकू, आपण साल का काढतो?»

सुरुवात ताकदीपासून. साल म्हणजे आलूच्या वजनाचा अगदी छोटा हिस्सा. शंभर ग्रॅम कच्च्या आलूत साधारण 20 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. यातलं बहुतेक आतल्या गरातच असतं, कारण गरच जास्त असतो. सालीचा खरा फायदा चोथ्याचा. सालीसकट शंभर ग्रॅममध्ये दोनेक ग्रॅम चोथा मिळतो आणि साल काढली की तो बराच घटतो. लोहही सालीत तुलनेनं जास्त असतं. तेव्हा चांगल्या आलूची धुतलेली साल खाल्ली तर फायदाच आहे, पण सोललेला आलू म्हणजे निव्वळ पीठ नव्हे.

क जीवनसत्त्व जातं ते वेगळ्याच वाटेनं. आमच्या मावशी आधी रात्रीच आलू सोलून, फोडी करून बादलीभर पाण्यात टाकून ठेवायच्या. सकाळी ते पाणी मोरीत ओतलं की विरघळलेलं क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम त्याच्याबरोबर गेलं. आता आम्ही आलू सालीसकट उकडतो आणि गरम असतानाच साल ओढून काढतो. ती कागदासारखी पातळ निघते. उकडताना साल अंगावर असली की आतलं पाण्यात कमी उतरतं. खाताना ती पोटात गेली काय नि बादलीत गेली काय, यापेक्षा हे महत्त्वाचं.

आता हिरव्या रंगाचं. क्लोरोफिल निरुपद्रवी असतं, एवढं त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. पण पालक पान आहे आणि आलू जमिनीखालचा कंद. त्याच्यावर उजेड पडला की दोन गोष्टी वेगवेगळ्या घडतात: क्लोरोफिल तयार होतं, आणि सोलानिन व चाकोनिन ही कडवट विषारी द्रव्यंही वाढतात. दुसऱ्याला रंग नसतो. म्हणून हिरवेपणा हे स्वतः विष नव्हे, तर आलू उजेडात पडून होता याची खूण. ही द्रव्यं साल, सालीखालचा एक-दोन मिलिमीटरचा थर आणि डोळ्यांभोवती साठतात, कोंबात तर फारच. कोंब आलेला किंवा मार लागलेला आलू हिरवा नसला तरी त्याच्यात ती वाढलेली असू शकतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं हेच झालं. अर्धा संपलेला जाळीचा कट्टा खिडकीखाली राहिला. आठ दिवसांनी उलटला तर वरच्या थरातले आलू एका अंगानं हिरवट आणि खालचे पिवळे धमक. मावशी म्हणाल्या, «ताई, उकडलं की काही राहत नाही बघा.» मी एकाचा हिरव्या बाजूचा तुकडा उकडला आणि जिभेच्या टोकाला लावला. आधी कडू, मग घशाशी चुरचुर. ही चव आली की तो आलू थुंकायचा, मीठ-मिरची घालून झाकायचा नाही. उकळतं पाणी 100 अंशांचं, तळणीचं तेल 180 अंशांच्या आसपास, आणि सोलानिन मोडायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे ना कुकर कामाचा, ना कढई. लंडनमधल्या एका शाळेत शिजवलेले जुने आलू खाऊन 78 मुलं आजारी पडली आणि 17 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याची वैद्यकीय नोंद 1979 साली छापली गेली. मुलं बरी झाली, पण शिजवल्यानं विष गेलं नव्हतं.

प्रमाण समजावं म्हणून हिशेब मांडते. चांगल्या आलूत सालीसकट किलोमागं ही द्रव्यं साधारण 100 मिलिग्रॅमच्या आत असतात आणि 200 ही वरची मर्यादा धरतात. शरीराच्या दर किलो वजनामागं एक मिलिग्रॅम पोटात गेलं की मळमळ, उलटी, जुलाब सुरू होऊ शकतात. आता 20 किलोच्या पोरानं सव्वाशे ग्रॅम चांगला आलू सालीसकट खाल्ला तर पोटात फार तर साडेबारा मिलिग्रॅम जातं, म्हणजे किलोमागं अर्ध्याच्या थोडं वर. तेवढं चालतं. तोच आलू हिरवा पडून 400 वर गेला असेल तर 50 मिलिग्रॅम, किलोमागं अडीच. पोट बिघडायला एवढं पुरतं. 60 किलोच्या बापाला त्याच ताटानं कदाचित काहीच होणार नाही. म्हणून घरात फक्त लहान पोरालाच उलटी झाली तर लोक आलूवर संशयच घेत नाहीत.

कुरकुऱ्यांचं गणित यातूनच निघतं. अख्ख्या आलूत साल चिमूटभर असते, गरात मिसळून जाते. कुरकुऱ्यांच्या वाटीत नुसती सालच, आणि सालीत ही द्रव्यं गरापेक्षा कितीतरी पट दाट. त्यातून त्या साली कुठल्या आलूच्या होत्या हे तळल्यावर ओळखायचं कसं? मी मेसमध्ये करत नाही, घरीही नाही.

साल काढायची कधी, तर एका बाजूला फिकट हिरवा पट्टा असेल तेव्हा. पण उकडून नव्हे, कच्चाच सोलायचा, आणि तीन मिलिमीटर जाडीचा काप काढायचा. उकडून ओढलेली पातळ साल खालचा थर जागेवरच ठेवते. डोळे खोल खरवडायचे. हिरवा रंग आलूभर पसरला असेल, कोंब लांब आले असतील किंवा आलू सुरकुतला असेल, तर सोलत बसू नका, फेका. शीतगृहातून येणाऱ्या आलूवर कोंब येऊ नयेत म्हणून क्लोरप्रोफामचा धूर देतात आणि त्याचा अंश मुख्यतः सालीतच राहतो. युरोपीय संघानं 2019 साली त्याची परवानगी काढून घेतली. तेव्हा उन्हाळ्या-पावसाळ्यातला जुना आलू चोळून धुवा, लहान मुलांसाठी सोलाच. हिवाळ्यात नवा, पातळ सालीचा आलू येतो, तो खुशाल सालीसकट फोडणीला टाका.

आज्यांबद्दल काय बोलावं? माझ्या आजीच्या ताटात भाकरी नि वरण. आलू एकादशीला, नाहीतर पाहुणे आले तर. तिनं खाल्लेली साल महिन्याला मूठभर भरली असती की नाही, शंका आहे.

आता कट्टा आम्ही कोठीत गोणपाटाखाली ठेवतो, ट्यूबलाइटपासूनही लांब, कारण तिच्या उजेडातही आलू हिरवे पडतात. शेजारचे दादा म्हशीसाठी रोज सालींची बादली नेतात. हिरव्या साली आणि कोंब मात्र मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवते. म्हशीलाही ते बाधतात.