तत्रैव म्हणजे नेमकं कुठे?

प्रबंध लिहायला घेतलात? मग पहिली गोष्ट पक्की करा. तळटिपा वाचकासाठी नसतात, त्या लग्नातल्या रुखवतासारख्या मांडायच्या असतात. रुखवतातला लाडू कुणी उचलून तोंडात टाकला तर यजमानांची पंचाईत होते. तशीच टीप अशी असावी की लांबून सगळ्यांना दिसावी, पण तिचा माग काढत मूळ कागदापर्यंत कुणी पोचू नये.

माझं सांगलीत, विश्रामबागेत डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. इतिहासाचे आणि कायद्याचे प्रबंध माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे वाट चुकवण्याच्या या विद्येत मला थोडी गती आली आहे. ती फुकट देतोय, घ्या.

सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ‘तत्रैव’. अर्थ सोपा आहे: लगेच वरच्या टिपेत जे पुस्तक, तेच इथेही. आमचे आजोबा हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. त्यांच्या वहीत याच कामाला ‘कित्ता’ होता. वरच्या ओळीत अडत्याचं नाव, खाली कित्ता, त्याखाली पुन्हा कित्ता. आजोबांचा कित्ता कधी चुकला नाही, कारण वही शिवलेली होती आणि दोन ओळींच्या मधे नवी ओळ घुसवायला कुणी येत नव्हतं. तुमच्याकडे मात्र मार्गदर्शक आहेत.

मागच्या वर्षी पटवर्धनांच्या जहागिरीवरचा एक प्रबंध आला होता. (टिपांचे आकडे बदलून सांगतोय, नाहीतर विद्यार्थी सापडायचा.) टीप 41 होती मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’ची, खंड आणि लेखांकासकट. टीप 42 होती ‘तत्रैव, लेखांक 615’, आणि 43 होती ‘तत्रैव, पृ. 88’. सगळं जागच्या जागी होतं. मग मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, ‘इथे ग्रँट डफ द्या.’ विद्यार्थ्याने 41 नंतर डफ घुसवला. वर्डने पुढचे सगळे क्रमांक इमानदारीत एकेकाने वाढवले. ‘तत्रैव’ हा मात्र वर्डच्या लेखी नुसता शब्द, तो जिथे होता तिथेच राहिला.

आता 43 म्हणते, तत्रैव, लेखांक 615. म्हणजे ग्रँट डफचा लेखांक! साताऱ्याच्या रेसिडेंटाने 1826 साली छापलेल्या इतिहासात पत्रांना लेखांक नाहीत, त्यामुळे चाणाक्ष परीक्षक इथे हसेल आणि चूक पकडेल. खरी कमाई आहे 44 मध्ये: ‘तत्रैव, पृ. 88’. खऱ्यांच्या एका खंडाचं पृष्ठ आता डफच्या नावावर चढलं, आणि पान 88 डफलाही आहेच. कुणाला संशय येत नाही. पुढच्या पिढीतला अभ्यासक हीच टीप उचलेल आणि डफच्या त्या पानावर पटवर्धनांचं पत्र शोधत बसेल.

हेच ग्रंथाअंती द्यायच्या टिपांत केलंत तर दुधात साखर. तळटीप असली तर वाचक निदान त्याच पानावर मान खाली घालून बघतो. प्रकाशकाने टिपा ग्रंथाच्या शेवटी ढकलल्या की त्याला एक बोट वाचायच्या पानात आणि दुसरं शेवटी ठेवावं लागतं. तिथे ओळीने अकरा वेळा ‘तत्रैव’ दिसलं की पान उलटून मूळ नाव शोधण्याआधी तो चहा मागवतो. टिपांचे क्रमांक दर प्रकरणाला नव्याने एकपासून सुरू ठेवा, आणि टिपांच्या पानांवर ‘पृष्ठे 45 ते 67 वरील टिपा’ असा मथळा चुकूनही देऊ नका. दिलात तर वाचक लगेच पोचेल.

लेखक सोडून गेल्यावर बऱ्याच पानांनी परत आला, तर ‘उ.नि.’ लिहायचं, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. पण ते एकाच लेखकाची दोन पुस्तकं आधी येऊन गेल्यावरच लिहावं, तेव्हाच त्याला रंग चढतो. कुठलं पुस्तक, हा प्रश्न वाचकाने सोडवावा.

काही जण आधुनिक होऊन मजकुरातच कंस घालतात: (डफ 1921). विज्ञानात हे शोभतं, तिथे साल म्हणजे शोधाचं वय. इथे 1858 साली वारलेला माणूस 1921 साली लिहिताना दिसतो. एडवर्ड्सने संपादित केलेली ती दोन खंडांची आवृत्ती आहे, आणि पहिली आवृत्ती तीन खंडांची, म्हणून पानंही जुळत नाहीत. साल दिलंत आणि यादीत दुसरीच आवृत्ती ठेवलीत, की झालं.

वकील मंडळींची रीत निराळी. निकालात संदर्भ मजकुरातच येतो, कारण न्यायाधीशाने वाक्य सोडून पानाच्या तळाशी का जावं? पहिल्यांदा पूर्ण उल्लेख, केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (1973) 4 एससीसी 225, आणि नंतर नुसतं ‘केशवानंद (उपरोक्त)’. हे फार सोपं झालं. तुम्ही ‘केरळ राज्य (उपरोक्त)’ लिहा. सरकार पक्षकार असलेल्या खटल्यांच्या ढिगातून वाचक काय तो शोधेल. आणि परिच्छेद क्रमांक देऊ नका. तेरा न्यायमूर्तींनी मिळून अकरा स्वतंत्र निकालपत्रं लिहिली आहेत, त्यातलं कुणाचं वाक्य आहे ते गुलदस्त्यात राहू द्या. पान क्रमांक द्यायचाच असेल तर एआयआर या दुसऱ्या निकालसंग्रहाचा द्या आणि उल्लेख एससीसीचा ठेवा.

काही आगाऊ लोक मात्र आमच्या धंद्यावर उठले आहेत. ते ‘तत्रैव’ लिहीतच नाहीत. दुसऱ्या वेळेपासून लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव आणि जागा एवढंच लिहितात: खरे, लेखसंग्रह, खंड 4, ले. 615. मध्ये दहा टिपा घुसवा, प्रकरणांचा क्रम बदला, ही टीप स्वतःच्या पायावर उभी राहते. संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या शिकागो मॅन्युअलनेही 2017 च्या आवृत्तीत ‘इबिड’पेक्षा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘तत्रैव’पेक्षा, हाच छोटा उल्लेख बरा म्हटलंय. कायद्याच्या प्रबंधात ‘पाहा, टीप 12’ लिहावंच लागलं, तर हे लोक 12 हा आकडा हाताने टाइप करत नाहीत. वर्डमधल्या Cross-reference ने जोडतात आणि शेवटी F9 दाबतात. तेही टिपांच्या भागात क्लिक करून तिथे वेगळं Ctrl+A करून, कारण मुख्य मजकूर निवडला म्हणजे टिपा निवडल्या जात नाहीत. जोडलेली टीप कुणी उडवली असेल तर पानावर ‘Error! Bookmark not defined.’ असं ठसठशीत येतं. म्हणजे चूक आपणहून ओरडते. असलं काही अंगाशी लावून घेऊ नका.

काल संध्याकाळी तोच पटवर्धनवाला मुलगा आला. पाच प्रती बांधून टेबलावर होत्या, मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. म्हणाला, “काका, सरांनी एकच टीप वाढवलीय. चौथ्या प्रकरणात, 17 आणि 18 च्या मध्ये.”

मी फाइल उघडली. 18 वर लिहिलं होतं, तत्रैव.