घरचा टेप खोटा म्हणणाऱ्यांना उत्तर

"घरी टेप आणि काटा घेऊन दर आठवड्याला मापं काढणं म्हणजे निव्वळ टाइमपास. वजन रोज किलोभर इकडंतिकडं होतंय. टेपवर एका मिनिटात दोन वेगळे आकडे येतात. हजार रुपयाचा काटा काय खरं सांगणार? बघायचंच असेल तर जिममधल्या बॉडी फॅट मशीनवर उभं रहा."

कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर हा मेसेज फिरून झालाय आणि तो वाचून आमच्या दाजींनी टेप कपाटात टाकला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वजनाचं. दाजी दर सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहायचे. एका सोमवारी 78.2 किलो, पुढच्या सोमवारी 79.1, म्हणजे 900 ग्रॅम वाढ, आणि माणूस खचला. पण मधल्या रविवारी घरी मटण होतं, तांबडा-पांढरा दोन्ही रस्से, वर भात. मिठानं अंगात पाणी धरून ठेवलं जातं, भात-भाकरीतली साखर स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठते तेव्हा एका ग्रॅममागं साधारण 3 ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसते, आणि पोटातलं जेवण अजून बाहेर गेलेलं नसतंय ते वेगळंच. 900 ग्रॅम चरबी चढायला गरजेपेक्षा 7 हजारच्या आसपास कॅलरी जास्त खाव्या लागतील, एका रविवारी कितीही ओरपलं तरी तेवढं अवघडच आहे.

नशीब, दाजी मधले आकडेपण लिहीत होते. पहिला आठवडा सोमवारपासून 78.2, 78.4, 78.0, 78.3, 77.9, 78.1, 78.3. दुसरा 79.1, 78.5, 77.9, 77.7, 77.6, 77.8, 77.6. आता सरासरी काढा, पहिल्याची 78.17 येते आणि दुसऱ्याची 78.03. सोमवार ते सोमवार बघितलं तर वजन वाढलंय, आठवडा ते आठवडा बघितलं तर किंचित उतरलंय, आणि त्या उतरण्यावरसुद्धा मी लगेच नाचणार नाही, अजून दोन-तीन आठवडे बघेन. वजन रोज हलतंय हे खरं आहे, म्हणूनच तर ते रोज घ्यायचं आणि सरासरी आठवड्याची लावायची. सकाळी उठून संडासला जाऊन आलं की, चहा-पाणी काही घ्यायच्या आधी, रोज त्याच हलक्या कपड्यात.

टेपचं प्रकरण मोठं आहे, कारण तिथं चूक टेपची नसतेच, हाताची असते. बहुतेक जण बेंबीवरून टेप फिरवतात. पोट सुटलेलं असेल तर बेंबी खाली सरकते, बारीक व्हायला लागलं की परत वर येते, म्हणजे ज्या खुणेवर तुम्ही भरवसा ठेवलाय तीच हलती. त्यापेक्षा बाजूला, काखेच्या सरळ रेषेत, सगळ्यात खालची बरगडी बोटानं चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये माप घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतपण हीच आहे. दाजींचं ते अंतर 10 सेंमी भरलं, म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहून टाकलं, "हाडाच्या कडेपासून 5 सेंमी वर." आता दर आठवड्याला फक्त हाड शोधायचं, 5 सेंमी मोजून दोन्ही बाजूंना बॉलपेननं ठिपका द्यायचा आणि टेप त्या ठिपक्यांवरून न्यायचा. परत परत बरगडी चाचपत बसलात तर दरवेळी जागा बोटभर वरखाली होणार.

दुसरी चूक पाठीमागं होते, जिथं आपल्याला दिसत नाही. समोर टेप बरोबर आणि मागं 5 सेंमी खाली घसरला, तर 90 सेंमीच्या कमरेला नुसत्या तिरकेपणानं अर्धा ते पाऊण सेंमी जास्त येतंय. एवढं कमी करायला कधी कधी महिना जातो बघा! त्यामुळं आरशासमोर आडवं उभं राहून टेप जमिनीला समांतर आहे का बघायचं, नाहीतर घरातल्या कुणालातरी मागून बघायला सांगायचं, पण मग दर आठवड्याला त्याच माणसाला. टेप उघड्या अंगावर, पाय जुळवलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं, नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही आणि मुद्दाम फुगवायचंपण नाही. ताण एवढाच की टेप कातडीला सगळीकडून टेकलाय पण रुतलेला नाही, काढल्यावर अंगावर वळ दिसला तर जास्त ओढलाय.

एवढं करूनही आकडे थोडे वेगळे येणारच, त्यात घाबरायचं काय? टेप पूर्ण काढून परत लावून तीन वेळा मोजा आणि मधला आकडा लिहा. 92.4, 93.1, 92.6 आले तर 92.6. आणि हे तीन एकमेकांपासून किती लांब आहेत तेपण लिहा, कारण तीच तुमच्या हाताची चूक. इथं ती 0.7 सेंमी आहे, मग पुढच्या आठवड्यात 0.4 कमी दिसलं तर त्याला कमी झालं म्हणायचं नाही, सलग चार आठवडे आकडा एकाच दिशेनं सरकला तर म्हणायचं. शिलाईचा जुना कापडी टेप ताणून लांब झालेला असतो, त्यानं माप कमी दाखवतं, त्यामुळं महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

काट्याबद्दल. समजा तो कायम 600 ग्रॅम जास्त दाखवतोय, तरी या आठवड्याच्या आकड्यातून मागचा वजा केला की ते 600 निघून जातात. आपल्याला हवंय काटा रोज सारखाच वागणं, आणि ते घरीच तपासता येतंय. घरात पाटा असेल तर तो काट्यावर ठेवा, आकडा लिहा, दर महिन्याला परत ठेवा. दगड काय मटण खात नाही, त्याचा आकडा हलला तर काटाच बिघडलाय किंवा सेल उतरलाय. मात्र एक गंमत लक्षात ठेवा, काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि लगेच परत उभं राहिलं की तोच दाखवतात. त्यामुळं दोनदा सेम आलं म्हणजे काटा चांगला, असं नाही. मध्ये एकदा दोन-तीन किलोची पिशवी हातात घेऊन उभं रहा, मग पिशवी ठेवून परत.

जुन्या घरात शहाबादी फरशी उंचसखल असते, तिथं काट्याचा एक पाय अधांतरी राहतो आणि आकडा बदलतो. चारी कोपरे दाबून बघा, डुगडुगला तर जागा बदला, आणि सापडलेल्या जागेवर खडूनं खूण करा. चटई, सतरंजी, मॅट यावर काटा ठेवायचाच नाही.

मशीनचं थोडक्यात सांगतो. ते चरबी मोजत नाही. अंगातून बारीक करंट सोडून अडथळा मोजतंय, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतंय, आणि उंची-वय-वजन फॉर्म्युल्यात घालून चरबीचा टक्का काढतंय. म्हणजे रविवारच्या रश्शानं जे पाणी काट्याला फसवलं तेच इथंपण फसवणार, वर जिममध्ये घाम गाळून, पाणी पिऊन, जेवून-न जेवून कधीपण उभं राहायचं. वापरायचं तर वापरा, पण त्यालापण सकाळी उपाशीपोटी, त्याच वेळी, हाच नियम लागतो.

बायकांसाठी एक वेगळं आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठतं, पोट फुगतं, वजन आणि कंबर दोन्ही वाढलेले दिसतात. तिथं मागच्या आठवड्याशी तुलना करून उपयोग नाही, मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करायची. वहीत आकड्याशेजारी पाळीचा कितवा दिवस एवढं लिहून ठेवलं की पुरे.