कोठावळ्याने दिंडी का उघडली नाही

ग्राहकाचे परीक्षण (★★☆☆☆): "२९९ रुपये वाया. पहिल्या अंकात कोठावळ्याला मी फटक्यांपासून वाचवलं आणि तिसऱ्या अंकात तोच मला विचारतो, 'तुम्ही आमच्यासाठी काय केलंत?' सेव्ह पुन्हा उघडून तीनदा वेगवेगळी उत्तरं दिली, तरी दिंडी बंदच. 'तुमची प्रत्येक निवड खेळ लक्षात ठेवतो' ही जाहिरात खोटी आहे. सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात. चार तास फुकट."

निर्मात्याचे उत्तर:

स. न. वि. वि.

आपणांस मनस्ताप झाला याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. इंदूरला रामबागेतल्या एका खोलीत तिघांनी मिळून केलेला हा आमचा पहिलाच खेळ आहे, आणि मराठीत असे खेळ विकत घेणारे मुळातच मोजके असल्यामुळे दोन ताऱ्यांचे एक परीक्षणही आमच्या विक्रीत लगेच दिसते. तरीही कथा रटाळ वाटली किंवा चित्रे फिकी वाटली, असे आपण लिहिले असते तर मी ते मुकाट्याने ऐकून घेतले असते. 'खोटी' हा शब्द मात्र मला झोंबला. आपण तक्रारीच्या ईमेलसोबत सेव्ह फाइल जोडली होती. ती मी काल रात्री ओळ न् ओळ वाचली, आणि पुढे जे लिहितो आहे ते तिच्याच आधाराने. ज्यांनी दुसरा अंक अजून खेळलेला नाही, त्यांनी कृपया येथेच थांबावे.

आपल्या सेव्हमध्ये `pan_lapavle = true` अशी नोंद आहे. म्हणजे हिशेबाच्या वहीतले ते पान आपण लपविलेत आणि कोठावळ्याची पाठ वाचविलीत, हे खेळाला पहिल्या अंकापासून ठाऊक होते. ही नोंद 'हो किंवा नाही' एवढेच सांगणारी खूण असते आणि ती एकदा लागली की पुसली जात नाही. परंतु कोठावळ्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, हे अशा एका खुणेत मावत नाही. त्यासाठी `vishwas` नावाचे दुसरे व्हेरिएबल आहे. ते एक आकडा बाळगते, आपल्या बोलण्यावागण्याप्रमाणे चढते-उतरते आणि पडद्यावर कधीच दिसत नाही. दिंडीपाशी प्रश्न विचारला गेला तो या आकड्याला.

त्या आकड्याचा आपल्या खेळातला प्रवास असा आहे. प्रत्येक खेळाडूसाठी तो ३० वर सुरू होतो. पान लपविल्याबद्दल १५ वाढले आणि तो ४५ झाला. दुसऱ्या अंकात कोठावळा आभार मानायला आला, तेव्हा आपण "पुढच्या वेळी हिशेब नीट शिका" हे थट्टेचे उत्तर निवडलेत. त्याचे ३ गेले आणि ४२ उरले. त्यानंतर त्याचे मूल तापाने फणफणल्याचा निरोप घेऊन गडी आला, तेव्हा आपण "उद्या येतो" म्हणालात. या उत्तरासरशी खेळाने `vachan = true` अशी आणखी एक खूण लावली. वाड्यात दिवस पालटला की खेळ पाहतो, वचन दिले होते का आणि दिले असल्यास कोठावळ्याच्या घरी फेरी झाली का. आपण त्याच संध्याकाळी धर्मशाळेत जाऊन सलग दोन रात्री झोप घेतलीत. त्यामुळे आणखी ४ गेले आणि उरले ३८. दिंडी उघडायला ४० लागतात.

अवघ्या दोनांनी दार बंद राहिले, हे वाचून आपण चिडाल याची मला कल्पना आहे. पण "आज जमणार नाही" असे स्पष्ट सांगितले असते, तर एकही गुण गेला नसता, कारण शिक्षा न जाण्याला नव्हती, शब्द मोडण्याला होती. सेव्ह पुन्हा उघडून दिलेल्या तीन उत्तरांचा उपयोग का झाला नाही, हेही यातच आले. आपली सेव्ह दिंडीच्या पुढ्यातली आहे. तिथे बोलण्याने आकडा फार तर १ ने वाढतो, आणि जे गमावले होते ते दोन दिवस आधी, धर्मशाळेच्या अंथरुणावर गमावले होते. नुकत्याच घेतलेल्या निवडीचा परिणाम लगेच पुढे आला, तर सेव्ह उघडून तो फिरविता येतो. परिणाम लांबणीवर टाकला की खेळाडूला मागे नेमके कुठे जायचे हेच कळत नाही. आम्ही हे जाणूनबुजून केले आहे, आणि याचा राग येणेही स्वाभाविक आहे.

आकडा दाखवला का नाही, असे आपण म्हणाल. तेही आम्ही करून पाहिले होते. आरंभीच्या आवृत्तीत कोठावळ्याच्या नावापुढे पट्टी होती. चाचणीला बसलेल्या मित्रांचे त्याच्या बोलण्याकडे लक्ष राहिनासे झाले आणि ते पट्टीकडे बघून उत्तरे निवडू लागले. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. 'मास इफेक्ट २' (२०१०) मध्ये सौम्य आणि कठोर वागण्याचे गुण उघड दिसतात आणि मन वळविण्याची उत्तरे त्या गुणांवर अवलंबून असतात. मग प्रसंग पाहून कधी असे, कधी तसे वागणाऱ्याला ती उत्तरे बंद होतात, आणि खेळाडू विचार सोडून एकच रंग निवडत राहतो. याउलट 'द विचर ३' (२०१५) मध्ये सिरीचे अखेर काय होते, हे तिच्यासोबतच्या थोड्याशा प्रसंगांच्या गोळाबेरजेवर ठरते. त्यांतल्या एका प्रसंगात तर तिला नुसता धीर द्यायचा की तिच्याशी बर्फाचे गोळे फेकून खेळायचे, एवढीच निवड असते. तिथे कोणतीही पट्टी दिसत नाही. आम्हाला हा दुसरा रस्ता पटला.

सगळ्या वाटा एका ठिकाणी येतात, हा आपला आरोप मी नाकारत नाही, कारण त्या तशा आणल्याच आहेत. दोन-दोन पर्यायांच्या बारा निवडी प्रत्येक वेळी स्वतंत्र फांदी काढू लागल्या, तर शेवटी ४,०९६ वेगळ्या कथा लिहाव्या लागतील. आमच्याकडे लिहिणारी व्यक्ती एकच आहे. म्हणून फांद्या फुटतात, थोडे अंतर वेगळ्या चालतात आणि पुन्हा एका खोडाला येऊन मिळतात. दिंडी हा असाच एक मिळण्याचा प्रसंग आहे. तिथे प्रत्येकजण पोहोचतो, पण कोणती खूण आणि कोणता आकडा घेऊन पोहोचतो, यावर समोरचा माणूस काय बोलेल हे ठरते. संवादाचा वृक्ष म्हणतात खरे, पण प्रत्यक्षात तो वेणीसारखा असतो.

आता जे मला लिहिणे जड जाते आहे, ते लिहितो. दार बंद राहिले हे बरोबर होते. कोठावळ्याच्या तोंडचे वाक्य चूक होते. दिंडीचा प्रसंग इंक या संवादभाषेत आम्ही असा लिहिला होता:

```
{
- vishwas < 40:
    -> nakar
- pan_lapavle:
    -> olakh
- else:
    -> sadha_hokar
}
```

अशा रचनेत अटी वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली खरी ठरते तिचीच वाट धरली जाते. आपला आकडा ३८ असल्यामुळे पहिलीच अट लागू झाली आणि खेळ `nakar` कडे गेला. दुसऱ्या ओळीपर्यंत तो पोहोचलाच नाही, म्हणून पान लपविल्याची खूण सेव्हमध्ये असूनही तिला कोणी विचारले नाही. `nakar` मधले "तुम्ही आमच्यासाठी काय केलंत?" हे वाक्य, ज्यांनी खरोखरच काही केले नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते. उपकार केला पण पुढे शब्द मोडला, अशा खेळाडूसाठी आम्ही वेगळे वाक्यच लिहिले नव्हते. चाचणीच्या वेळी आम्ही चांगला वागणारा आणि वाईट वागणारा असे दोन खेळाडू शेवटपर्यंत चालवून पाहिले; आपल्यासारखा मिश्र वागणारा चालवून पाहिला नाही. खूण खरी आणि आकडा कमी, असा एक सेव्ह मुद्दाम बनवून दिंडीपाशी उभा केला असता, तर ही चूक पाच मिनिटांत सापडली असती. आता अटी अशा आहेत:

```
{
- pan_lapavle and vishwas < 40:
    -> kadu_olakh
- vishwas < 40:
    -> nakar
- pan_lapavle:
    -> olakh
- else:
    -> sadha_hokar
}
```

नव्या वाटेवर कोठावळा म्हणतो, "माझी पाठ वाचवलीत, ते विसरलो नाही. पण पोरगं तापात तुमची वाट बघत होतं." दार तो तरीही उघडत नाही, आणि ते मी बदलणार नाही.

म्हणजे खेळाच्या लक्षात होते, पण त्याने ते बोलून दाखविले नाही. खेळाडूच्या दृष्टीने या दोहोंत फरक उरत नाही, हे आपल्यामुळे कळले, आणि तेवढ्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो. पण म्हणून जाहिरात खोटी ठरत नाही, एवढे सांगण्याचा हक्क मला असावा.

राहिले चार तास. आपल्या सेव्हमध्ये २ तास १० मिनिटे दिसतात आणि बरेचसे संवाद 'पुढे' कळ दाबून ओलांडलेले दिसतात, त्यांत गड्याचा निरोपही आहे. हे मी काहीशा रागाने लिहिले होते. नंतर लक्षात आले की आमचे घड्याळ सेव्हमध्येच साठते, त्यामुळे सेव्ह पुन्हा उघडली की मधला वेळ त्यातून गळून जातो. आपले चार तास खरेही असतील. ते वाक्य मी मागे घेतो. कळ दाबल्याचे मात्र नाही.

दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल, त्यासोबत इतर प्रसंगांतील अटींचा क्रमही जमेल तसा पाहू, आणि मोडलेल्या वचनाची काही सूचना पडद्यावर देता येईल का, यावर विचार चालू आहे. `pan_lapavle` ही खूण आपल्या सेव्हमध्ये आधीपासूनच असल्यामुळे नवे वाक्य त्याच सेव्हवर ऐकू येईल, नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. दार उघडायचे असेल, तर मात्र निरोप येण्याच्या आधीची सेव्ह लागेल. आपल्या फाइलमध्ये तीन नंबरच्या जागेवर ती आहे, कृपया पुसू नये.

कळावे, लोभ असावा.

खेळाचा निर्माता, रामबाग, इंदूर