काकांचा तांबट

चूक माझीच. मार्चमध्ये गच्चीवर पापड वाळत घालत होते, तेव्हा शेजारच्या विंगेतले, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले काका म्हणाले, "हे टुक टुक कसलं गं? कुणाचा पंप बिघडलाय का?"

"पंप नाही काका, तांबट आहे. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा ओरडतो म्हणून तांबट. तो बघा, वाळक्या फांदीच्या शेंड्यावर. हिरवा, कपाळावर लाल टिळा."

काकांनी बघितला. चोच न उघडता, गळा फुगवून तो टुक टुक करत होता. हा श्वास कधी घेतो, असं काकांनी विचारलं आणि पुढे माझा नंबर मागितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ५.५२ ला फोन वाजला. "उठलीस का?" "काळा पक्षी दिसला." "शेपूट आहे." "?" पाठोपाठ फोटो: आभाळ, विजेची तार, तारेवर एक ठिपका आणि ठिपक्याभोवती लाल गोल. मी अर्धवट झोपेत लिहिलं, "शेपटीला दोन फाटे असतील तर कोतवाल." "उडाला." "आला परत." "नाही, हा कावळा."

एका रविवारी मी मोजले. ६४ मेसेज, त्यातले नऊ बोललेले. एकात निव्वळ प्रेशर कुकर होता. शिट्टीच्या मागे दयाळ गातोय, असं काकांचं म्हणणं.

मी आधी पळवाटा शोधल्या. काकांना म्यूट केलं, तर आवाज बंद झाला पण कुतूहल बंद होईना. निळ्या टिका बंद केल्या. पण बोललेला मेसेज ऐकला की त्यावरचा माइक निळा व्हायचा तो होतोच; ती सोय बंद करता येत नाही, हे मला काकांकडूनच कळलं: "ऐकलंस की! मग दयाळच ना?" मग मी चार-चार तासांनी उत्तरं द्यायला लागले. त्याचा परिणाम उलटाच झाला. कधी उत्तर येईल याचा नेम नाही म्हटल्यावर काका जास्त वेळा गळ टाकू लागले.

शेवटी थाप मारली. "काका, आज ऑफिसचं फार काम आहे." तासाभरात काकू ब्राह्मीच्या तेलाची बाटली घेऊन दारात. संध्याकाळी सहाला मेसेज: "संपलं का काम?" थापेची गोची हीच. ती आजपुरती असते, आणि उद्या पुन्हा पक्षी येतातच.

मग खरं लिहायला बसले. "काका, कृपया मेसेज कमी पाठवावेत" हे सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीसारखं वाटलं, शिवाय बँकेतला माणूस "कमी म्हणजे किती?" विचारणारच. दुसऱ्या मसुद्यात इतके हसरे चेहरे पेरले की त्यांनी ते उत्तेजन समजून घुबडं शोधायला सुरुवात केली असती. लिहिलेलं काका रात्री दहादा वाचतील आणि दर वेळी ते जास्त कडू लागेल, हेही खरं. म्हणून चहाच्या वेळी त्यांच्या घरीच गेले.

"काका, तांबट ढोलीत डोकं घालून बसलाय तो तुमचा फोटो मी आमच्या ह्यांना दाखवला." हे खरं होतं, म्हणून आधी तेच सांगितलं. "पण दिवसा सारखा फोन वाजला की माझं काम सुटतं आणि तुमचंही धड वाचून होत नाही. दिवसभराचं सगळं रात्री नऊला एकदम पाठवाल? तेव्हा मी निवांत असते. दिवसा उत्तर आलं नाही, तर मी रागावले असं समजू नका."

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. "म्हणजे तुला त्रास होत होता?"

"छे हो, अजिबात नाही!" हे जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर पहाटे ५.५२ ला पुन्हा पहिल्यापासून.

"थोडा होत होता," मी म्हटलं. "मेसेजचा. तुमचा नाही."

"मी तेच सांगत होते!" आतून काकू.

काका गप्प. बशीतला चहा थंड होत चालला. ही शांतता मला सोसवेना. "रविवारी सकाळी पाषाण तलावावर जाऊया," मी म्हटलं. "दुर्बीण मी आणते."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "किती वाजता?"

त्या दिवशी फोन मुका होता. नऊच्या ठोक्याला एकच मेसेज आला: जुन्या पद्धतीच्या खतावणीच्या पानाचा फोटो. पट्टीने आखलेले रकाने, वेळ, ठिकाण, तपशील, शेरा. खाली लाल शाईत: "आरंभीची शिल्लक ४ प्रश्न. आज जमा ७. निकाली ०. अखेरची शिल्लक ११. कृपया पडताळून सही करावी."