गुलाबजाम वगळून सरासरी

प्रशिक्षण संपलं की खरं काम सुरू होतं, असं आमचे साहेब म्हणतात. ते काम माझ्या टेबलावर सुरू होतं, एवढं सांगायचं राहून जातं.

सरांचा एक्सेलचा वर्ग संपला आणि 24 अभिप्राय-फॉर्म माझ्याकडे आले. दहा प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण आणि खाली 'सूचना' म्हणून चार रेघा. साहेबांना त्यातून एकच आकडा हवा होता. तो निघाला 4.1. "झकास! सरांना कळवून टाका."

पण दहापैकी तीन प्रश्न जेवण, हॉल आणि नावनोंदणीचे. त्यांची सरासरी 4.7. शिकवण्याच्या सात प्रश्नांची 3.8. म्हणजे सरांच्या पदरात पडलेल्या कौतुकाचा काही भाग खरं तर केटररचा होता. मी दोन्ही आकडे वेगळे लिहिले. साहेबांना ते कंजूषपणाचं वाटलं.

अर्थात, हे आकडे 23 फॉर्मचे. चोविसाव्या गृहस्थांनी सगळीकडे 1 दिला होता आणि खाली लिहिलं होतं, "अप्रतिम! सरांना पुन्हा बोलवा." त्यांच्या हिशेबी 1 म्हणजे पहिला नंबर असणार. बाजूच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, 5 करून टाक, कोण बघतंय?" पण तो माझा अंदाज झाला, त्यांचं उत्तर नव्हे. तो फॉर्म गुणांतून वगळला, शेरा ठेवला आणि अहवालाच्या तळाशी तसं लिहिलं.

मग आला 'वर्गाची गती योग्य होती' हा प्रश्न. सरासरी 3.4. हा आकडा बघून कोणीही म्हणेल, बरं चाललंय, थोडी सुधारणा हवी. पण गुण मोजले तर 5 देणारे नऊ, 4 देणारे तीन, 3 देणारे दोनच, 2 देणारे सात आणि 1 देणारे दोन. सरासरीच्या आसपास जवळपास कोणी राहतच नव्हतं! एक गट खूश, दुसरा वैतागलेला, आणि 3.4 दोघांच्या मधल्या मोकळ्या मैदानात.

फॉर्मवर विभाग लिहिलेला असतो म्हणून वाचले. वैतागलेल्या नऊपैकी सात जण स्टोअरचे. उरलेले दोघे अकाउंट्सचे, आणि त्यांची तक्रार उलटी: "हे आम्हाला येतं. झोप आली." आता सरांना नुसतं 'गती कमी करा' लिहिलं असतं, तर अकाउंट्स घोरलं असतं.

उत्तर शेऱ्यांत होतं. त्यांतले 'छान', 'उत्तम', 'धन्यवाद' आधी बाजूला काढले. त्यातून कोणाचा स्वभाव कळतो, वर्ग कळत नाही. एसीवर एकाने पानभर लिहिलं होतं, मागच्या बाजूलाही. कितीही लांब असला तरी तो एकाच माणसाचा शेरा, आणि एसी सरांच्या हातात नाही. तो प्रशासनाकडे गेला.

स्टोअरच्या पाच फॉर्ममध्ये मात्र एकच दुखणं निरनिराळ्या शब्दांत होतं. "फॉर्म्युला खाली ओढला की #N/A येतं." "सरांचं बरोबर, आमचं चूक, का ते कळलं नाही." आणि एक अस्सल: "मध्येच डॉलर कुठून आला?"

तो डॉलरच मूळ होता. यादीतून माल शोधायला सरांनी =VLOOKUP(A2,$F$2:$G$40,2,FALSE) असं लिहिलं. यांनी डॉलर शोभेचे समजून गाळले. मग फॉर्म्युला खाली ओढला की शोधायची यादीही एकेक ओळ खाली सरकते. वरचे माल यादीबाहेर पडतात आणि स्क्रीनवर #N/A. अकाउंट्सवाल्यांना डॉलर आधीपासून माहीत, म्हणून ते पेंगले.

तेव्हा अहवालात लिहिलं: VLOOKUP च्या आधी अर्धा तास डॉलरला द्या, स्टोअरच्याच मालयादीवर; ज्यांना ते येतं त्यांना त्या वेळात अवघड सराव-पत्रक द्या. आधार: गतीचे नऊ कमी गुण आणि पाच शेरे. 'काहींना समजलं नाही' असं लिहून भागत नाही. सर लगेच विचारतात, काहींना म्हणजे किती?

एक शेरा होता, "मी स्टोअरमधली एकटीच बाई, सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटला." हा जसाच्या तसा दिला असता तर निनावी फॉर्मला नाव, गाव आणि टेबल नंबर मिळाला असता. मी लिहिलं, "एका फॉर्मनुसार सर्वांसमोर प्रश्न विचारणं अवघड गेलं, चिठ्ठीवर प्रश्न घ्यावेत."

अहवाल एका पानात बसला. वर काय चाललं ते: स्वतःच्या फाइलवरचा सराव सगळ्यांना आवडला, तो काढू नका. शिवाय एक ओळ, की हे फॉर्म लोकांना कसं वाटलं ते सांगतात. किती आलं ते महिन्याभराने त्यांच्या फाइली उघडून बघावं लागेल. साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली, कारण फाइली कोण उघडणार हे त्यांच्या लक्षात आलं.

सरांचा फोन आला. मी श्वास रोखला.

"डॉलरचं पटलं मला. F4 दाबला की आपोआप लागतात, तेच आधी घेतो."

"हो सर."

"पण मॅडम, तुमच्या स्टोअरच्या लॅपटॉपवर F4 दाबला की आवाज बंद होतो. Fn धरावं लागतं. ते कोणीच फॉर्ममध्ये लिहिलं नाही?"