वेळ लावून पाठवलेला एसएमएस चुकीच्या सिमवरून का जातो

दोन सिमच्या अँड्रॉइडमध्ये Settings मधल्या SIMs खाली एसएमएससाठी तीन पर्याय दिसतात: पहिलं सिम, दुसरं सिम किंवा Ask every time. हाताने मेसेज करणाऱ्याला तिसरा पर्याय सोयीचा. पण रात्री दोन वाजता ठरलेलं काम आपोआप करणारा मॅक्रो चालू होतो, तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोण बसलंय? पडद्यामागे चालणाऱ्या ॲपला ती विचारणेची खिडकी सहसा उघडताही येत नाही. मेसेज जात नाही, आणि ॲपने चूक नोंदवली नसेल तर कळतही नाही.

यावर बहुतेकजण फोनचं डीफॉल्ट सिम बदलून टाकतात. मला तो अर्धवट उपाय वाटतो. घरातल्या कुणी ते पुन्हा बदललं की मेसेज चुकीच्या सिमवरून जातो आणि सगळं मुसळ केरात. सिम त्या कामातच ठरवून टाकावं. टर्मक्स या आज्ञा टाइप करून काम करणाऱ्या ॲपमध्ये ते असं:

```
termux-sms-send -s 1 -n 98XXXXXXXX "मजकूर"
```

इथे मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे `-s 0` पहिलं सिम आणि `-s 1` दुसरं. टर्मक्सच्या Termux:API या जोड-ॲपला फोनची परवानगी दिलेली नसेल किंवा सिमच्या खाचेचा आकडा चुकला असेल, तर ही आज्ञा काहीही न बोलता गप्प बसते. म्हणून पहिली चाचणी स्वतःच्याच तिसऱ्या नंबरवर घ्या आणि तिथे कोणता नंबर उमटतो ते पाहा. पाठवणाऱ्या फोनवरच्या नोंदीवर विसंबू नका.

आणखी एक खोच आहे. खाच आणि सिमचा आतला क्रमांक, ज्याला अँड्रॉइड subscription ID म्हणतं, या दोन वेगळ्या गोष्टी. त्याच खाचेत नवं सिम घातलं की त्याला नवा क्रमांक मिळतो. ॲपने जुना क्रमांक जपून ठेवला असेल, तर कालपर्यंत चालणारं काम आज बंद पडतं. सिम बदललं की मॅक्रो उघडून सिम पुन्हा निवडायचं.

सिम निवडताना त्याचा प्लॅनही बघा. समजा, सोसायटीच्या ४० घरांना मेंटेनन्सची आठवण पाठवायची आहे. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, त्याहून लांब झाला तर प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'नमस्कार' या एका शब्दाची ७ होतात. दीडशे अक्षरांच्या मजकुराचे तीन तुकडे, म्हणजे ४० घरांना १२० एसएमएस. बऱ्याच प्लॅनमध्ये दिवसाला १०० मिळतात, तेव्हा चौतिसाव्या घराशी गाडी अडते किंवा बॅलन्स कापला जातो. शिवाय एका ॲपने थोड्या वेळात ३० च्या पुढे एसएमएस पाठवले की अँड्रॉइड स्वतःच आडवं येऊन परवानगी मागतं, आणि तीही रात्री द्यायला कुणी नसतं. वीस घरं आज, वीस उद्या अशी वाटणी करा, आणि एका दिवसातल्या वीस घरांचेही दहा-दहाचे दोन गट पाऊण तासाच्या अंतराने लावा.