जमिनीची किंमत वाढवली म्हणजे वाटायला पैसे आले, असं नाही

“कंपनीने जमिनीचं पुनर्मूल्यांकन केलं, राखीव निधी 7 कोटींनी वाढला. आता घसघशीत लाभांश किंवा बोनस शेअर नक्की!”

चूक. पुस्तकातली 2 कोटींची जमीन 9 कोटींची दाखवली, की मालमत्तेत 7 कोटी वाढतात आणि तेवढीच रक्कम ‘पुनर्मूल्यांकन राखीव’ म्हणून समोरच्या बाजूला बसते. बँकेत एक रुपयाही येत नाही. म्हणूनच 2013 चा कंपनी कायदा त्यातून लाभांश किंवा बोनस शेअर देऊ देत नाही. नक्त मूल्य मोजतानाही ही रक्कम वगळतो. इमारतीचं तर उलटच होतं: वाढीव किमतीवर घसारा बसतो आणि पुढच्या वर्षांचा नफा घटतो. कर्जाचं भांडवलाशी प्रमाण अचानक सुधारलेलं दिसलं, तर ही राखीव रक्कम वजा करून पुन्हा मोजा.